कागदावर तीस टक्के माझे, कंपनी मात्र मालकांची

ताई, मी अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टेरी टॉवेलच्या कारखान्यात सोळा वर्षे सुपरवायझर आहे. एप्रिल 2021 मध्ये मालकांनी कंपनीच्या एक लाख शेअरपैकी तीस हजार माझ्या नावावर केले आणि पुढच्या वर्षी मला संचालकही केले. पैसे त्यांचेच होते. तारीख न टाकलेल्या ट्रान्सफर फॉर्मवर माझी सही त्यांनी तेव्हाच घेतली. डिव्हिडंड माझ्या खात्यात येतो, तो मी काढून त्यांना रोख देतो. पंचेचाळीस हजार शेअर एका सुताच्या कंपनीकडे आहेत, तिच्यात मालकांचे साठ टक्के आहेत. बाकीचे पंचवीस हजार मालकीणबाईंच्या नावावर आहेत. मालक भावाच्या बुडीत कर्जाला जामीन असल्याने आमच्या कंपनीत त्यांचे नाव कुठेच नाही. आता बँक कर्ज वाढवताना खरा मालक कोण, ते लिहून मागते आहे. मालक म्हणतात, "तीस टक्के माझेच, दुसऱ्या कोणाचा संबंध नाही, असे लिहून दे." माझ्या मुलीच्या शिक्षणाला त्यांनी मदत केली आहे. सही करू का?
— एक वाचक, सोलापूर

सही करू नका. मालकांनी तुमच्यासाठी जे केले त्याची जाण ठेवणे योग्यच आहे, परंतु त्या उपकाराची फेड या कागदावर होऊ शकत नाही. आजपर्यंत तुमच्याकडून जे घडले ते कंपनी कायद्याच्या नजरेत मुख्यतः वेळेत न दिलेली माहिती आहे आणि तिची किंमत पैशांत मोजली जाते. ज्या दिवशी तुम्ही "हे शेअर माझेच आहेत" असे खोटे लिहून द्याल, त्या दिवसापासून तुम्ही माहिती न देणारे राहत नाही, फसवणुकीत सामील झालेले ठरता, आणि तिथे प्रश्न कैदेचा येतो. सध्या तुम्ही या दोन गोष्टींच्या मधल्या उंबरठ्यावर उभे आहात.

आधी एक गैरसमज दूर करते, कारण आपल्याकडे "नॉमिनी" हा शब्द दोन अगदी वेगळ्या अर्थांनी वापरला जातो. बँकेच्या खात्याला किंवा विम्याला आपण जो नॉमिनी लावतो, तो खातेदाराच्या मृत्यूनंतर पैसे स्वीकारणारा माणूस असतो. तुम्ही त्या अर्थाने नॉमिनी नाही. तुम्ही नॉमिनी शेअरहोल्डर आहात, म्हणजे सभासदांच्या रजिस्टरमध्ये नाव तुमचे आहे आणि शेअरपासून मिळणारा लाभ व त्यावरचा हक्क दुसऱ्याचा आहे. अशी व्यवस्था कंपनी कायद्याला मुळातच नामंजूर आहे असे नाही. कायद्याचे म्हणणे एवढेच आहे की ती उघड असली पाहिजे. कंपनी कायदा 2013 चे कलम 89 याचसाठी आहे.

या कलमानुसार तुमचे नाव रजिस्टरमध्ये चढल्यापासून तीस दिवसांच्या आत, "नाव माझे आहे, लाभाचा हक्क अमुक व्यक्तीचा आहे," अशी घोषणा एमजीटी-4 या फॉर्ममध्ये, दोन प्रतींत, तुम्ही कंपनीला द्यायला हवी होती. मालकांनी स्वतःच्या बाजूने तशीच घोषणा एमजीटी-5 मध्ये द्यायची होती. या घोषणा हाती आल्यावर कंपनीने पुढच्या तीस दिवसांत एमजीटी-6 भरून ती माहिती कंपनी निबंधकांना, म्हणजे सोलापूरच्या बाबतीत पुण्याच्या कार्यालयाला, कळवायची असते. येथे ध्यानात घ्यायची गोष्ट अशी की तुमची जबाबदारी मालकांच्या जबाबदारीवर अवलंबून नाही. त्यांनी एमजीटी-5 दिला नाही म्हणून तुमचा एमजीटी-4 अडत नाही, आणि "मालक सांगतील तेव्हा देऊ" हे उत्तर निबंधकांपुढे चालत नाही.

उशिराची किंमत किती, हे आकड्यांत पाहू. 2020 च्या दुरुस्तीनंतर ही घोषणा न करणाऱ्याला पन्नास हजार रुपये दंड आहे. शिवाय चूक चालू राहील तोवर पहिल्या दिवसानंतरच्या प्रत्येक दिवसाला दोनशे रुपये वाढतात, मात्र एकूण आकडा पाच लाखांच्या वर जात नाही. समजा तुमचे नाव 12 एप्रिल 2021 रोजी चढले, म्हणजे मुदत 12 मे रोजी संपली. त्यापुढची नुसती चार वर्षे धरली तरी पहिला दिवस वगळून 1460 दिवस होतात, त्यांचे 2,92,000 रुपये आणि मूळ पन्नास हजार मिळून 3,42,000 रुपये. तुमच्या पगारदार घराला हा आकडा मोठा आहे, हे मी जाणते. पण कायद्यातच एक दिलासा आहे. तुमची कंपनी कायद्यातल्या "लहान कंपनी"च्या व्याख्येत बसत असेल, तर कलम 446ब नुसार दंड निम्म्याहून अधिक लावता येत नाही आणि व्यक्तीच्या बाबतीत तो एक लाखाच्या पुढे जात नाही. कंपनी त्या व्याख्येत बसते का, हे ताळेबंदावरून तासाभरात कळते. ते आधी तपासून घ्या.

कोऱ्या तारखेच्या ट्रान्सफर फॉर्मविषयी थोडे सविस्तर लिहिते. तो कागद मालकांच्या कपाटात आहे म्हणून शेअर कधीही परत घेता येतील, असे त्यांना वाटत असावे. एसएच-4 हा हस्तांतरणाचा फॉर्म सही झाल्यापासून साठ दिवसांच्या आत कंपनीकडे द्यावा लागतो. म्हणजे 2021 ची सही घेऊन त्यावर उद्याची तारीख टाकणे हीच एक खोटी नोंद होईल. उलट, तारखेविना सही केलेला हा फॉर्म, तुमच्या पासबुकात डिव्हिडंड जमा झाल्यावर दोन-तीन दिवसांत तेवढीच रक्कम रोख काढल्याची नोंद, आणि शेअरच्या खरेदीचे पैसे मुळात मालकांच्या खात्यातून निघाल्याचे स्टेटमेंट, या तीन गोष्टी शेजारी ठेवल्या की कोणत्याही तपास अधिकाऱ्याला व्यवस्था काय आहे ते तोंडी विचारण्याचीही गरज उरत नाही. त्यातच तो डिव्हिडंड आयकर खात्याकडे तुमच्या पॅनवर नोंदला जात आहे, मालकांच्या नव्हे.

मालकांनाही लपवाछपवीने जे संरक्षण मिळाले असे वाटते, ते मिळालेले नाही. कलम 89 च्या आठव्या पोटकलमानुसार ज्या शेअरबाबत घोषणा करणे आवश्यक होते आणि केली गेली नाही, त्या शेअरवरचा कोणताही हक्क खरा लाभार्थी किंवा त्याच्यामार्फत मागणी करणारा कोणीही कायद्याने बजावून घेऊ शकत नाही. उद्या तुम्ही, किंवा तुमच्या पश्चात तुमचे वारस, "हे शेअर आमचे आहेत" म्हणून बसले, तर तीस टक्क्यांसाठी मालकांनी न्यायालयात जायचे कोणत्या आधारावर? त्यांच्याशी बोलताना दंडाच्या भीतीपेक्षा हा मुद्दा आधी मांडा. आपण गमावतो आहोत ते काय, हे त्यांनाही दिसले पाहिजे.

आता मालकांचे नाव कंपनीत कुठेच नसूनही ते कायद्याला दिसतात कसे, याकडे येऊ. कलम 90 आणि त्याखालचे 2018 चे नियम, जे फेब्रुवारी 2019 मध्ये बरेच बदलले, ते "महत्त्वपूर्ण लाभार्थी मालक" शोधतात. एखाद्या माणसाकडे अप्रत्यक्षपणे, किंवा अप्रत्यक्ष आणि प्रत्यक्ष मिळून, कंपनीचे किमान दहा टक्के शेअर, मतांचे हक्क किंवा वाटपयोग्य लाभांशातला वाटा असेल, तर तो असा मालक ठरतो. केवळ स्वतःच्या नावच्या शेअरमुळे नव्हे तर अन्य मार्गाने तो कंपनीवर नियंत्रण किंवा मोठा प्रभाव चालवत असेल, तरीही ठरतो. या व्याख्येत एक बारकावा आहे आणि तो जाणकारांकडूनही निसटताना मी पाहिला आहे. कलम 89 खाली रीतसर घोषित केलेले नॉमिनीकडचे शेअर हे या नियमांच्या दृष्टीने "प्रत्यक्ष" धारण मानले जातात. म्हणजे मालकांचा संबंध फक्त तुमच्या नावच्या तीस हजार शेअरपुरता असता, आणि तुम्ही दोघांनी वेळेत घोषणा केली असती, तर त्या तीस टक्क्यांसाठी त्यांना कलम 90 ची वेगळी घोषणा करावी लागली नसती. ज्या व्यवस्थेला ते लपवत राहिले, ती दोन फॉर्म भरून उघडपणे मांडता आली असती.

परंतु तुमच्या कंपनीत सुताची कंपनी मध्ये आहे, आणि तिथे चित्र बदलते. सभासद ही कंपनी असेल, तर तिच्यात निम्म्याहून अधिक वाटा ज्याचा, त्याने तिच्यामार्फत अप्रत्यक्ष धारण केले असे नियम मानतात. मालकांचा तिथला वाटा साठ टक्के आहे, म्हणून तिच्याकडचे पंचेचाळीस टक्के त्यांच्या खात्यात मोजले जातात. कोणी साठ गुणिले पंचेचाळीस असा हिशेब करून सत्तावीस टक्के काढले तरी दहाची रेषा केव्हाच ओलांडलेली आहे. त्यांनी बेन-1 मध्ये स्वतःची घोषणा कंपनीला द्यायला हवी होती, कंपनीने तीस दिवसांत बेन-2 भरून निबंधकांना कळवायला हवे होते आणि अशा मालकांचे वेगळे रजिस्टर ठेवायला हवे होते. घोषणा न करणाऱ्या मालकाला पन्नास हजार आणि पुढे रोज एक हजार, कमाल दोन लाख असा दंड आहे. म्हणजे पाच महिन्यांतच कमाल मर्यादा गाठली जाते.

टक्केवारी बाजूला ठेवली तरी नियंत्रणाची कसोटी उरतेच, आणि ती कागदापेक्षा कारखान्यात जास्त स्पष्ट दिसते. सुताचा दर कोण ठरवतो, निर्यातीची ऑर्डर कोण स्वीकारतो, नव्या मागांची खरेदी कोणाच्या शब्दावर होते, कंपनीच्या नेट बँकिंगचा ओटीपी कोणाच्या मोबाईलवर येतो, या प्रश्नांची उत्तरे एकाच माणसाकडे जात असतील तर त्याचे नाव रजिस्टरमध्ये नसल्याने काही फरक पडत नाही. मे 2024 मध्ये दिल्लीच्या कंपनी निबंधकांनी लिंक्डइन इंडिया प्रकरणात हाच दृष्टिकोन ठेवला. भारतीय कंपनीचे शेअर कोणाच्या नावावर आहेत एवढ्यावर न थांबता, तिचे संचालक कोणत्या यंत्रणेतून येतात आणि कोणाला उत्तरदायी असतात हे पाहून त्यांनी कंपनी, तिचे संबंधित पदाधिकारी, तसेच तिची मूळ कंपनी मायक्रोसॉफ्टचे प्रमुख सत्य नाडेला आणि लिंक्डइनचे तेव्हाचे प्रमुख रायन रोस्लान्स्की यांना कलम 90 खाली मिळून सुमारे सत्तावीस लाखांचा दंड केला. तिथे कोणी कामगाराच्या नावावर शेअर लपवले नव्हते. तरीही केवळ घोषणा नसणे महागात पडले.

तुम्ही संचालक आहात ही गोष्ट तुम्हाला ओझे वाटत असेल, पण तिच्यामुळे तुमच्या हाती एक साधनही आले आहे. दहा टक्के किंवा अधिक शेअर ज्या सभासदाकडे आहेत आणि तो व्यक्ती नाही, अशा प्रत्येक सभासदाला बेन-4 ची नोटीस पाठवून "तुमच्यामागे खरा मालक कोण" हे विचारणे कंपनीला बंधनकारक आहे. तुमच्या कंपनीत असा सभासद म्हणजे सुताची कंपनी. ही नोटीस पाठवा, असे तुम्ही संचालक मंडळाच्या बैठकीत लेखी सुचवू शकता आणि ते इतिवृत्तात घ्यायला लावू शकता. उत्तराला तीस दिवसांची मुदत असते. उत्तर आले नाही किंवा समाधानकारक नसले, तर मुदत संपल्यापासून पंधरा दिवसांत कंपनीने राष्ट्रीय कंपनी विधी न्यायाधिकरणाकडे जायचे असते, आणि न्यायाधिकरण त्या शेअरचे हस्तांतरण, मतदान, लाभांश रोखू शकते. हे काहीच केले नाही तर कंपनीला एक लाख अधिक रोज पाचशे, कमाल पाच लाख, आणि कसूर करणाऱ्या प्रत्येक अधिकाऱ्याला पंचवीस हजार अधिक रोज दोनशे, कमाल एक लाख. त्या अधिकाऱ्यांत आज तुमचेही नाव येते. राजीनामा द्यावासा वाटला तर जरूर विचार करा, परंतु संचालक असतानाच्या काळातली जबाबदारी राजीनाम्याने पुसली जात नाही.

बँकेच्या कागदाकडे परत येते. बँक ही चौकशी स्वतःच्या मर्जीने करत नाही. मनी लाँडरिंग प्रतिबंधक नियमांत 2023 पासून कंपनीच्या लाभार्थी मालकासाठी दहा टक्क्यांचीच रेषा आहे, त्यामुळे तीस टक्केवाला माणूस खरा आहे का, हे तिला विचारावेच लागते. तुमची खोटी सही घेऊन कर्ज मंजूर झाले, तर त्या कर्जाच्या पायात तुमचे निवेदन राहील. शिवाय कलम 90 खालच्या घोषणेत जाणूनबुजून खोटी माहिती देणे किंवा महत्त्वाची माहिती दडवणे याला थेट कलम 447, म्हणजे फसवणुकीचे कलम लागते. रक्कम दहा लाख किंवा उलाढालीचा एक टक्का, यांतील कमी आकड्याइतकी किंवा त्याहून अधिक असेल तर किमान सहा महिने ते दहा वर्षे कैद, आणि दंड किमान त्या रकमेइतका व कमाल तिप्पट. कोणाचे प्रत्यक्ष नुकसान झाले की नाही, हे या कलमात निर्णायक नसते.

एक कटू गोष्ट लपवून ठेवणे मला योग्य वाटत नाही. कंपनी कायद्याखालची घोषणा केली म्हणजे बेनामी मालमत्तेच्या कायद्यापासून आपोआप सुटका होत नाही. तो कायदा शेअरलाही मालमत्ता मानतो. पतीने उघड उत्पन्नातून पत्नीच्या नावावर घेतलेल्या मालमत्तेला त्यात सवलत आहे, म्हणून मालकीणबाईंच्या पंचवीस हजार शेअरची बाजू वेगळ्या रीतीने मांडता येईल. पगारदार कामगाराच्या नावावर घेतलेल्या शेअरला तशी सवलत नाही, आणि धनकोंना देणे चुकवण्यासाठी केलेला बेनामी व्यवहार हा त्यातला गुन्हा आहे. शिक्षा एक ते सात वर्षे कैद आणि बाजारमूल्याच्या पंचवीस टक्क्यांपर्यंत दंड, आणि ती ज्याच्या नावावर मालमत्ता आहे त्यालाही होऊ शकते. मालकांचा जामीनकीचा प्रश्न म्हणूनच तुमचाही प्रश्न होतो. मात्र ऑक्टोबर 2024 पासून या कायद्यात अशी तरतूद आहे की मूळ लाभार्थी सोडून अन्य व्यक्तीने, म्हणजे ज्याच्या नावावर मालमत्ता आहे त्याने, सर्व हकीकत खरी आणि पूर्ण सांगितल्यास त्याला कारवाईपासून अभय देऊ करता येते. ते हक्काने मिळत नाही, अधिकाऱ्यांनी मंजुरी घेऊन द्यायचे असते. म्हणून एमजीटी-4 वर सही करण्याच्या आधी फौजदारी आणि बेनामी प्रकरणे हाताळणाऱ्या वकिलांना भेटा. कंपनीचे सीए किंवा कंपनी सेक्रेटरी यांच्याकडे नको, कारण त्यांचे अशील मालक आहेत, तुम्ही नाही.

वकिलांकडे जाताना शेअर सर्टिफिकेटची प्रत, 2021 पासूनचे पासबुक आणि सभासद रजिस्टरमधील तुमच्या नोंदीचा उतारा न्या. सभासद म्हणून ते रजिस्टर विनाशुल्क पाहण्याचा तुम्हाला हक्क आहे. मग मालकांशी शांतपणे, शक्यतो मालकीणबाईंच्या समोर बोला. त्यांनी एमजीटी-5 आणि बेन-1 देण्याची तयारी दाखवली, तर सर्व फॉर्म एकाच दिवशी कंपनीकडे द्या. त्यांनी नकार दिला तरी वकिलांच्या संमतीने तुमचा एमजीटी-4 तुम्ही द्याच. तो कंपनीला मिळाल्यापासून एमजीटी-6 भरण्याची जबाबदारी कंपनीवर येते आणि तिने टाळाटाळ केली तर रोज एक हजार रुपयांचा दंड तिच्यावर चढू लागतो. तीस दिवसांत निबंधकांच्या नोंदीत फॉर्म दिसला नाही, तर पुण्याच्या कार्यालयात पोचपावतीसह तक्रार करता येते.

एक मोह तुमच्यापुढे नक्की ठेवला जाईल. कोणीतरी सुचवेल की फॉर्मवर एप्रिल 2021 ची तारीख टाका, म्हणजे उशीरच दिसणार नाही. तसे करू नका. एमजीटी-6 मध्ये घोषणा कंपनीला कधी मिळाली ती तारीख भरावी लागते, त्यामुळे मागची तारीख टाकली तर कंपनीने ती इतकी वर्षे दाबून ठेवली असा अर्थ निघेल, आणि खोटे निवेदन म्हणून प्रकरण पुन्हा कलम 447 पाशी येऊन थांबेल. देणार त्या दिवसाचीच तारीख टाका. एक प्रत कंपनीच्या आवक शिक्क्यासह परत घ्या, शिक्का मिळत नसेल तर कंपनीच्या नोंदणीकृत पत्त्यावर स्पीड पोस्टाने पोचपावतीसह पाठवा, आणि ती पावती कारखान्यातल्या टेबलाच्या खणात न ठेवता घरी ठेवा.